मिठाईवाल्यांना आणि बेकरीवाल्यांना छापील डब्यांचे ईमेल कसे लिहावे: किमान ऑर्डर आधी, दर नंतर

छापील डब्यांच्या धंद्यात मी नवीन असताना पहिले ईमेल लिहिले, तेव्हा त्यात सगळे होते. छपाई चार रंगांत करतो, सोनेरी फॉइल मारतो, लॅमिनेशन चकचकीत हवे तर चकचकीत आणि मॅट हवे तर मॅट. फक्त एक गोष्ट नव्हती. एका मापाचे कमीत कमी किती डबे घ्यावे लागतील, हे मी लिहिले नव्हते. तो आकडा वाचून माणूस उत्तरच देणार नाही, अशी भीती होती.

एका बेकरीच्या मालकीणबाईंनी उत्तर दिले. लोगो पाठवला, मी डिझाइन करून दिले, त्यांनी दोनदा बदल सांगितले, मी दोन्ही वेळा केले. चौथ्या दिवशी त्यांनी विचारले, "मग ३०० डबे कधी मिळतील?" मी ३००० म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग त्या म्हणाल्या, "हे पहिल्याच पत्रात सांगायचं ना दादा. माझे चार दिवस गेले." त्यांचे बरोबर होते. माझेही चार दिवस गेले होते, पण ती चूक माझी होती.

त्यानंतर मी ईमेल उलट्या क्रमाने लिहायला लागलो. आधी किमान ऑर्डर, मग ती तितकी का, मग ती त्या दुकानाला किती दिवस पुरेल, आणि दर सर्वांत शेवटी. हा लेख त्याच पद्धतीवर आहे. डब्यांचा पुरवठा नुकताच सुरू केलेल्यांनी तो आपापल्या छपाईच्या हिशेबात बसवून घ्यावा.

पहिली पायरी: तुमचा किमान आकडा कुठून येतो ते कागदावर मांडा

"आमच्याकडे किमान ३०००" हे वाक्य बरेच जण दुसऱ्याचे ऐकून लिहितात. दुकानदाराने "का?" विचारले की मग बोलता येत नाही. म्हणून ईमेल लिहायच्या आधी एका डब्याचा हिशेब स्वतः करून बघा.

मिठाईचा एक साधा डबा घ्या. आतून २० सेंटीमीटर लांब, १४ रुंद, ५ उंच. झाकण मागच्या भिंतीला जोडलेले, म्हणजे सगळा डबा एकाच तुकड्यातून घडतो. तो उलगडून टेबलावर पसरला तर पुढची भिंत ५, तळ १४, मागची भिंत ५, झाकण १४ आणि आत खोचायची पट्टी ४, असे एका बाजूने ४२ सेंटीमीटर होतात. दुसऱ्या बाजूने तळाचे २० आणि दोन्हीकडच्या भिंतींचे ५-५, म्हणजे ३०. उलगडलेला डबा ४२ बाय ३० चा झाला.

आता २५ बाय ३६ इंची बोर्डाचा ताव घ्या. तो सेंटीमीटरमध्ये साधारण ६३.५ बाय ९१.४ भरतो. लांबीत दोन डबे बसतात, रुंदीतही दोन. मशीनने ताव पकडायला एका कडेला सेंटीमीटरभर जागा सोडावी लागते, ती सोडूनही बसतात. म्हणजे एका तावात ४ डबे.

५०० डब्यांना १२५ ताव लागतात. पण ऑफसेट मशीन सुरू झाले की पहिल्याच तावापासून नीट छापत नाही. चारही रंग एकमेकांवर बरोबर बसेपर्यंत आणि शाई एकसारखी येईपर्यंत ताव वाया जातात. पुढे डायवर कापताना आणि घडीच्या रेघा पाडताना दाब जमेपर्यंत आणखी काही जातात. माझ्या कामात हे सगळे धरून सुमारे २०० ताव जातात. म्हणजे १२५ तावांच्या मालासाठी २०० ताव रद्दीत. ३००० डब्यांना ७५० ताव लागतात आणि वाया तेच २०० जातात. तिथे नुकसान एकूण कागदाच्या पाचव्या हिश्श्यावर येते.

कागदाच्या जोडीला प्रत्येक रंगाची प्लेट, डाय आणि मशीन लावण्याचा वेळ आहे. ५०० छापा की ५००० छापा, हा खर्च तेवढाच. वाया गेलेले ताव धरून याला एकत्रितपणे तयारीचा खर्च म्हणू. मशीन एकदा लागल्यावर एका डब्याला जो कागद, छपाई आणि कटाई लागते, तो एक भाग धरा. माझ्या या डब्याला तयारीचा खर्च अशा सुमारे १५०० भागांइतका येतो. आता वाटून बघा. ५०० डबे घेतले तर एक डबा ४ भागांना पडतो. १००० ला अडीच भागांना, ३००० ला दीड भागाला, ५००० ला १.३ ला आणि १०,००० ला १.१५ ला.

५०० वरून ३००० वर गेल्यावर दर निम्म्याहूनही खाली येतो. ३००० वरून १०,००० वर गेल्यावर मात्र पाव हिश्श्यापेक्षाही कमी फरक पडतो, आणि त्यासाठी दुकानदाराला तिपटीहून जास्त माल घरात भरावा लागतो. माझा किमान आकडा ३००० आहे तो यामुळे. "जास्त घ्या, स्वस्त पडेल" असे मी ईमेलमध्ये लिहीत नाही, तेही यामुळेच.

हा आकडा मापागणिक बदलतो, आणि नवीन माणूस नेमका इथे चुकतो. केकचा डबा घ्या, २५ बाय २५ आणि उंची १५. उलगडल्यावर तो साधारण ८५ बाय ५५ होतो, म्हणजे एका तावात एकच बसतो. १००० डब्यांना १००० ताव लागले. वाया गेलेले २०० ताव एकूण कागदाच्या सहाव्या हिश्श्यात येतात. शिवाय मोठ्या डब्याला कागदच जास्त लागतो, त्यामुळे तयारीचा खर्च त्याच्यापुढे लहान दिसतो. म्हणून केकच्या मोठ्या डब्यासाठी १००० हा आकडाही पुरतो. मिठाईच्या लहान डब्यासाठी काढलेले ३००० तसेच उचलून बेकरीच्या पत्रात टाकले, तर मिळण्यासारखी ऑर्डर हातची जाते. त्या मालकीणबाईंना मी तेव्हा हा हिशेब न करताच ३००० म्हणालो होतो. त्यांना ३०० हवे होते, तेव्हा कदाचित १००० वरही जमले नसते. पण योग्य आकडा तरी सांगितला असता.

दुसरी पायरी: दुकानात जाऊन काउंटर बघा

शंभर पत्त्यांवर एकच मजकूर पाठवण्याआधी दहा दुकानांत जाऊन या. काहीतरी विकत घ्या आणि ते कशात बांधून देतात ते बघा.

साध्या पांढऱ्या डब्यावर दुकानाच्या नावाचा गोल स्टिकर असेल, तर तो तुमचा सर्वांत चांगला वाचक. नाव डब्यावर दिसावे ही इच्छा त्याला आहे आणि त्यासाठी तो स्टिकरचे पैसेही मोजतो आहे, शिवाय तो स्टिकर चिकटवायला रोज एका माणसाचा वेळ जातो. फुलाफुलांचे तयार डबे वापरणाऱ्याला आधी नाव छापण्याचे कारण पटावे लागते, तिथे वेळ लागतो. ज्याचे डबे आधीच छापील आहेत त्याला किमान ऑर्डर म्हणजे काय हे समजवावे लागत नाही. त्याच्या डब्यात काय बिघडते तेवढे बघा. घडीवर शाई तडकून पांढरी रेघ दिसते का, तळाला तुपाचा डाग बाहेर आलाय का, झाकण अर्धवट उघडे राहते का. त्याला लिहिताना तीच एक गोष्ट लिहायची.

आणखी एक बघायचे. दुकानात कोणत्या मापाचा डबा सर्वांत जास्त हलतो? शेल्फवर चार मापे रचलेली असतात, पण काउंटरखाली हाताशी ठेवलेला गठ्ठा बहुधा एकाच मापाचा असतो. तुमचे पहिले पत्र त्या मापाबद्दल हवे.

तिसरी पायरी: आकडा दिवसांत सांगा

"३००० डबे" वाचले की दुकानदाराच्या डोळ्यांपुढे गठ्ठ्यांनी भरलेली खोली येते. तो मिठाई किलोने मोजतो आणि गल्ला दिवसाने, डबे त्याने कधी मोजलेले नसतात. म्हणून आकड्याचे दिवस करून द्या. रोज ४० डबे जात असतील तर ३००० डबे ७५ दिवस पुरतात. रोज २५ जात असतील तर १२० दिवस, म्हणजे चार महिने. रोज ८ जात असतील तर ३७५ दिवस, वर्षाहून जास्त.

चार महिन्यांत संपेल एवढाच साठा द्यावा, असे माझे मत अनुभवाने झाले आहे. बोर्ड दमट हवेत ओल धरतो आणि डबे वाकतात. फार दिवस पडलेल्या डब्याची घडी कधी कधी नीट मोडत नाही. आणि दुकानाचा फोन नंबर, पत्ता किंवा परवान्याचा नंबर बदलला की उरलेला सगळा गठ्ठा वाया जातो. त्यामुळे या डब्यासाठी सीमारेषा साधारण रोज २५ ची पडते. रोज १५ ते २५ लागणाऱ्याशी बोलून ठरवता येते. १५ पेक्षा कमी लागणाऱ्याला मी हा डबा घेऊ नका असे सरळ लिहितो.

जागेचाही अंदाज द्या. ३५० जीएसएमच्या बोर्डाचे ५०० सपाट डबे रचले तर गठ्ठा वीतभराहून थोडा उंच होतो आणि वजन सुमारे २० किलो भरते. ३००० म्हणजे असे सहा गठ्ठे. एका रॅकच्या एका खणात मावतात. हे वाचल्यावर डोळ्यांपुढची खोली आपोआप लहान होते.

चौथी पायरी: लहान दुकानासाठी दुसरी वाट ठेवा, आणि ती त्याच पत्रात सांगा

किमान ऑर्डर सांगून थांबलात तर रोज ८ डबे लागणाऱ्याला नकार देऊन मोकळे झालात. त्याच्यासाठी साधा कोरा डबा आणि त्यावर सरकवायची छापील पट्टी, म्हणजे स्लीव्ह, हा उत्तम मार्ग आहे. पट्टी डिजिटल मशीनवर छापता येते. तिथे प्लेट लागत नाही आणि तावही फारसे वाया जात नाहीत. पट्टी सरळ कापायची असते, त्यामुळे डायही लागत नाही. मी ५०० पासून देतो. एका पट्टीचा दर छापील डब्याच्या छपाईपेक्षा जास्त पडतो हेही लिहितो, कारण पुढे त्याने हिशेब केला तर ते त्याला कळणारच आहे.

बेकरीला तर ही वाट बहुतेक वेळा लागतेच. केक वेगवेगळ्या मापांचे आणि उंचीचे असतात, आणि एका मापाचे रोज थोडेच जातात. पेस्ट्रीचा लहान डबा मात्र पटापट संपतो. म्हणून बेकरीला लिहिताना मी पेस्ट्रीचा डबा छापील, केकचे एक मधले माप छापील आणि बाकीची मापे कोरी पण स्टिकरसह, अशी जुळणी सुचवतो.

पाचवी पायरी: पत्र

आता प्रत्यक्ष मजकूर. मिठाईच्या एका दुकानाला मी असे लिहीन:

> विषय: तुमच्या नावाचे मिठाईचे डबे, किमान ३००० (रोज २५ लागत असतील तर चार महिन्यांचा साठा)
>
> नमस्कार,
>
> आम्ही मिठाईच्या दुकानांसाठी आणि बेकरींसाठी दुकानाच्या नावाचे छापील डबे बनवतो. गेल्या आठवड्यात तुमच्या दुकानातून मिठाई घेतली. पांढऱ्या डब्यावर स्टिकर लावून देता असे दिसले, म्हणून लिहीत आहे.
>
> आमच्याकडे त्याच मापाच्या छापील डब्याची किमान ऑर्डर ३००० आहे. हा आकडा एका मापाचा आणि एका डिझाइनचा आहे. मशीन लावताना दर वेळी सुमारे २०० ताव वाया जातात आणि प्लेट व डायचा खर्च ठरलेला असतो. त्यामुळे याहून कमी छापले तर तुम्हाला डबा फार महाग पडेल.
>
> रोज ४० डबे लागत असतील तर ३००० डबे ७५ दिवस पुरतील, २५ लागत असतील तर चार महिने. रोज १५ पेक्षा कमी लागत असतील तर हा डबा घेऊ नका. तुमच्यासाठी कोरा डबा आणि छापील पट्टी ठीक राहील, ती ५०० पासून देतो.
>
> डिझाइन तुम्ही पास केल्यापासून २० दिवसांत माल मिळेल. डबे सपाट येतात. ५०० चा एक गठ्ठा, असे सहा गठ्ठे.
>
> एवढेच कळवा: तुमच्या सर्वांत जास्त खपणाऱ्या मापाचे रोज अंदाजे किती डबे लागतात? त्यावरून दर आणि त्याच मापाचा कोरा नमुना पाठवतो.
>
> आपला,
> (नाव, व्यवसायाचे नाव, फोन)
>
> पुन्हा पत्र नको असल्यास "नको" एवढेच उत्तर द्या, यादीतून नाव काढतो.

विषयातच आकडा आहे, त्यामुळे ज्याला जमणार नाही तो पत्र उघडणार नाही. ते चांगलेच. पत्रात प्रश्न एकच आहे, आणि त्याचे उत्तर दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्या देऊ शकतो. "तुमच्या गरजा कळवा" असे लिहिले तर कोणी उत्तर देत नाही, कारण काय कळवायचे हेच समजत नाही.

सगळा मजकूर पत्रातच टाइप करा. रंगीत चित्रात आकडे घालून पाठवले की पुष्कळ जणांच्या फोनवर चित्र उघडत नाही आणि पत्र कोरे दिसते. छापलेल्या डब्याचा एकच फोटो जोडा. तो उघड्या डब्याचा आणि आत मिठाई ठेवलेला असावा, म्हणजे माप कळते. आणि प्रत्येकाला पत्र वेगळे पाठवा. एकाच पत्रात तीस दुकानांचे पत्ते उघडे दिसले की पहिल्या ओळीतल्या "तुमच्या दुकानातून मिठाई घेतली" या वाक्यावर कोण विश्वास ठेवणार?

वेळेबाबत थोडे. हंगामाच्या गर्दीत पत्र पाठवू नका, तेव्हा ते वाचायला कोणाला सवड नसते आणि तेव्हा दिलेली ऑर्डर गर्दी संपल्यावर पोचते. गर्दीच्या दोन-अडीच महिने आधी पाठवा. त्यात डिझाइनची ये-जा, २० दिवसांचे काम आणि थोडा उशीर, सगळे मावते.

बोर्डाबद्दल पत्रात एक दावा फार सहज केला जातो. "फूड ग्रेड" हा शब्द गिरणीकडून तसे लेखी मिळाले असेल तरच लिहा. मागून करडा असतो तो डुप्लेक्स बोर्ड रद्दी कागदापासून बनतो. रद्दीत छापील कागद असतो, आणि त्याच्या शाईतली खनिज तेले तुपकट पदार्थात उतरू शकतात. असा बोर्ड द्यायचा असेल तर आत बटर पेपर किंवा वेगळे अस्तर लागेल, असे पत्रातच सांगा. नव्या लगद्याचा बोर्ड महाग पडतो, पण मिठाई थेट डब्यात ठेवायची असेल तर मी तोच सुचवतो.

सहावी पायरी: उत्तरे आली की

तीन उत्तरे पुन्हा पुन्हा येतात.

पहिले: "५०० करून द्या ना." त्याला नुसते नाही म्हणू नका. ५०० चा खरा दर काढून पाठवा आणि ३००० चा त्याच्या शेजारी ठेवा. माझ्या हिशेबात ५०० चा डबा ३००० च्या डब्यापेक्षा अडीच पटीहून महाग पडतो. तरीही एखाद्याला लग्नासाठी किंवा दुकानाच्या उद्घाटनासाठी तेवढेच हवे असतात आणि तो ते घेतो. घेऊ द्या. तोटा सोसून ५०० देऊ नका. एकदा दिले की पुढच्या वेळी तोच दर मागितला जातो.

दुसरे, आणि यातच सर्वांत जास्त गोंधळ होतो: "तीन मापांचे मिळून ३००० चालतील ना?" दुकानदाराच्या दृष्टीने ३००० म्हणजे ३०००. पण तीन मापे म्हणजे तीन डाय, तीनदा मशीन लावणे आणि तीनदा ताव वाया. एक मधला रस्ता आहे. दोन मापांचा बोर्ड, रंग आणि लॅमिनेशन सारखे असेल, तर एकाच तावावर दोन्ही बसवता येतात. समजा तावात मोठे दोन आणि छोटे चार बसले. मग जितके ताव छापाल त्याच प्रमाणात दोन्ही डबे निघतील, एका मोठ्याला दोन छोटे. दुकानाचा खप या प्रमाणात नसेल तर एक माप लवकर संपेल आणि दुसरे पडून राहील. म्हणून हा पर्याय देण्याआधी दोन्ही मापांचा रोजचा आकडा विचारा आणि प्रमाण जुळते का ते बघा. जुळले तर दुकानदाराचे खरेच पैसे वाचतात.

वेगळी मिठाई, वेगळा रंग अशी मागणी आली तर डबा एकच ठेवा आणि मिठाईचे नाव छोट्या स्टिकरवर घ्या. घटक, वजन आणि तारखाही स्टिकरवरच बऱ्या. त्या बदलतात, डबा बदलत नाही.

तिसरे: "आधी सँपल दाखवा." इथे दोन नमुने वेगळे समजावून सांगा. कोरा नमुना हाताने किंवा कटिंग मशीनवर एका दिवसात होतो, त्यावर छपाई नसते. त्यात त्याने आपली मिठाई रचून बघायची, झाकण लावायचे, हातात धरून हलवून बघायचे. केकच्या डब्यात तर केक तळाच्या पुठ्ठ्यासकट ठेवून बघायला सांगा. तळाचा पुठ्ठा केकपेक्षा मोठा असतो आणि वर सजावट असते, हे माप सांगताना विसरले जाते. दुसरा नमुना म्हणजे छापील प्रूफ. त्यावर रंग आणि अक्षरे तपासायची. मशीनवर छापलेला एकच डबा सँपल म्हणून मागितला तर ते २०० तावांचे गणित पुन्हा सांगावे लागते, आणि ते लोकांना पटते.

माप नेहमी आतून आणि याच क्रमाने लिहून घ्या: लांबी, रुंदी, उंची. माझ्या एका ऑर्डरीत दुकानदाराने जुना डबा बाहेरून मोजला होता आणि मी ते माप आतले धरले. डबे सगळ्याच बाजूंनी थोडे मोठे झाले, मिठाई आत हलायला लागली आणि घरी पोचेपर्यंत तिच्या कडा मोडायच्या. ३००० डबे. तेव्हापासून मी त्यांचा जुना डबाच मागून घेतो आणि स्वतः मोजतो.

कोटेशनमध्ये चार ओळी

दराच्या खाली या चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात, म्हणजे नंतर वाद होत नाहीत. हा दर एका मापाचा आणि एका डिझाइनचा आहे. मोजणीत पाच टक्के कमी-जास्त होऊ शकते आणि बिल प्रत्यक्ष संख्येचे होईल, म्हणजे ३००० मागितले तर २८५० ते ३१५० मिळतील. डायचे पैसे एकदाच घेतले आहेत, डाय आमच्याकडे जपून ठेवू आणि पुढच्या ऑर्डरला ते पैसे लागणार नाहीत. प्रूफवर लेखी होकार मिळाल्यावरच छपाई सुरू होईल, आणि त्यानंतर सापडलेली अक्षराची चूक दुकानाची धरली जाईल.

शेवटच्या ओळीबद्दल दुकानदार कधी कधी नाराज होतो. प्रूफ पाठवताना फोन नंबर, पत्ता आणि परवान्याचा नंबर वेगळ्या ओळींत टाइप करून "हे तीन आकडे एकदा वाचून बघा" असे लिहिले, तर चुका तिथेच सापडतात. संपूर्ण डिझाइन "बघा" म्हटले तर लोक रंग बघतात, आकडे कोणी वाचत नाही.

सातवी पायरी: दुसरे पत्र कधी पाठवायचे ते पहिल्या मालासोबतच ठरवा

दुसऱ्या ऑर्डरीत डायचा खर्च नसतो आणि माप ठरलेले असते, त्यामुळे ती दोघांनाही स्वस्त पडते. पण दुकानदाराला आठवण होते ती शेवटचा गठ्ठा सुटल्यावर, आणि तेव्हा २० दिवस हातात नसतात.

म्हणून माल पोचतो त्या दिवशीच मी हिशेब करतो. रोज ४० डबे आणि २० दिवसांचे काम, म्हणजे माल तयार होईपर्यंत ८०० डबे लागणार. थोडा उशीर धरून १०००. म्हणजे दोन गठ्ठे उरले की ऑर्डर यायला हवी. पाचव्या गठ्ठ्याच्या वर, दोरीखाली, पिवळा कागद खोचतो: "हा गठ्ठा सोडण्याआधी फोन करा." रॅक रचणाऱ्या मुलालाही गठ्ठे कोणत्या क्रमाने काढायचे ते सांगून येतो. आणि माझ्या वहीत त्याच्या पन्नासाव्या दिवसाची तारीख लिहितो. २००० डबे संपायला ५० दिवस लागतात, पण चौथा गठ्ठा संपत आला की पत्र पोचलेले असावे म्हणून मी ४५ व्या दिवशी लिहितो: "तुमच्याकडे साधारण १२०० डबे उरले असतील. फोन नंबर, पत्ता, परवाना तोच आहे ना?"

४५ दिवसांत १८०० डबे जातात, तेव्हा १२०० उरायला हवेत. उत्तर "अजून १८०० आहेत" असे आले तर रोजचा खरा खप ४० नसून २७ च्या आसपास आहे असे समजायचे. वहीत तो आकडा दुरुस्त करायचा, ऑर्डरीची तारीख पुढे ढकलायची आणि त्याला तसे कळवायचे.